अपूर्णांक बघून पेन्सिल खाली ठेवणाऱ्या मुलाचा गणिताचा कॉन्फिडन्स कसा वाढवायचा

गणितात कच्च्या मुलाला घरातले सगळे एकच सांगत असतात, तू कर, तुला येईल. मूल मान हलवतं, वही उघडतं, पहिलंच गणित अडतं आणि पेन्सिल खाली. त्याला आपलं बोलणं खोटं वाटतं, कारण त्याच्याकडे उलटा पुरावा आहे, मागच्या चार टेस्टचा. मी इंदूरला रामबाग भागात पाचवी ते आठवीच्या मुलांची शिकवणी घेते, आणि आता माझं ठाम मत झालंय की कॉन्फिडन्स बोलून वाढत नाही, मुलाच्या हातात नवा पुरावा द्यावा लागतो, आणि तो कसा तयार करायचा याची एक पद्धत आहे. तीच इथे एका सातवीतल्या मुलीच्या उदाहरणावर नीट सांगते, विषय फक्त एकच घेते, अपूर्णांकांची बेरीज, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त पोरं तिथेच अडकतात.

आधी थोडं मागचं. अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये सेल्फ-एफिकसीची कल्पना मांडली. म्हणजे काय, तर "हे अमुक काम मला जमेल का" याचा माणसाचा स्वतःचा अंदाज. मी हुशार आहे का, मी चांगली आहे का हा प्रश्नच नाही तिथे, फक्त समोरचं हे काम. म्हणून एकाच मुलाचा गुणाकाराचा अंदाज वर आणि अपूर्णांकाचा अगदी खाली असू शकतो. हा अंदाज कशावरून बनतो तर चार गोष्टींवरून, स्वतः करून जमलं का, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना बघितलं का, लोक काय म्हणतात, आणि त्या वेळी अंगात काय होतंय, छातीत धडधड वगैरे. यात सगळ्यात जोर पहिल्या गोष्टीत आहे, आणि घरोघरी आपण सगळा वेळ तिसरीवर घालवतो.

आधी अंदाज मोजा, मग गणित द्या

हे काम बहुतेक लोक करतच नाहीत आणि माझ्या मते खरी सुरुवात इथेच आहे. एका कागदावर पाच प्रकारची गणितं लिहा, सोप्यापासून अवघडाकडे. अपूर्णांकांच्या बेरजेत माझे पाच प्रकार असे असतात: छेद सारखे (२/७ + ३/७), एक छेद दुसऱ्याच्या पाढ्यात येणारा (१/२ + १/४), दोन्ही छेद एकमेकांशी संबंध नसलेले (२/३ + १/४), छेदांमध्ये काहीतरी सामाईक असलेलं (५/६ + ३/८), आणि शेवटी पूर्णांकासकट (१ १/२ + २ २/३). मुलाला प्रत्येक गणित दोन-तीन सेकंद दाखवायचं, सोडवायचं नाही, आणि विचारायचं, हे तुला एकटीला जमेल याची किती खात्री आहे, १० ते १०० मध्ये आकडा सांग. १० म्हणजे अजिबात नाही, १०० म्हणजे डोळे मिटून.

पोरांना हा आकड्यांचा खेळ लगेच कळत नाही, म्हणून आधी उडी मारायच्या प्रश्नावर प्रॅक्टिस करून घ्या, अभ्यास करणारे संशोधकही तसंच करतात. एक फरशी ओलांडून उडी मारशील का, किती खात्री? तीन फरशा? ही भिंत ते ती भिंत? दोन मिनिटांत मूल हसत हसत ९०, ६०, १० सांगायला लागतं, आणि मग गणिताचे आकडे खरे येतात.

ह्या मुलीने सांगितलं ७०, ५०, २०, १०, १०. मग तीच गणितं सोडवायला दिली. पहिल्याचं उत्तर आलं ५/१४, दुसऱ्याचं २/६, तिसऱ्याचं ३/७, पुढची दोन कोरी. म्हणजे ती वरचे वर आणि खालचे खाली मिळवत होती. आता इथे थांबून बघा, हा कागद दोन वेगळ्या गोष्टी सांगतोय. चौथ्या-पाचव्याला तिने हातच लावला नाही, ते अंदाज खाली असल्यामुळे. पण पहिल्या गणितात तिला ७० खात्री होती आणि उत्तर चूक होतं, म्हणजे तिथे कॉन्फिडन्स कमी नव्हता, समज चुकीची होती. नुसता धीर देणाऱ्या माणसाने तिथे तिचा ७० चा १०० केला असता आणि ती जास्त जोरात चुकली असती. म्हणून अंदाज आणि उत्तर शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हा कागद जपून ठेवा, तारीख घालून. पुढे तो लागतो.

पहिलं यश तिच्याकडे आधीच असलेलं शोधा

चूक दाखवायची म्हणून "हे चूक आहे, समच्छेद करतात" असं सांगितलं तर मुलाच्या खात्यात अजून एक अपयश. त्यापेक्षा ज्याचं उत्तर तिला पुस्तकाशिवाय माहिती आहे तिथून सुरू करा. इंदूरच्या पोरांना नमकीनच्या दुकानात पाठवलेलं असतंच. मी तिला विचारलं, अर्धा किलो लवंगी शेव घेतली आणि पाव किलो साधी, थैलीत एकूण किती? लगेच म्हणाली, पाऊण किलो. मग मी म्हटलं, हे आकड्यात लिही. १/२ + १/४ = ३/४ लिहिलं. आणि मग आपल्या कागदावर तेच गणित शोधायला लावलं, जिथे तिने २/६ लिहिलं होतं. ती गप्प बसून बघत राहिली, मग म्हणाली, "काकू, २/६ म्हणजे तर एक तृतीयांश, अर्ध्याहून कमी झालं!"

हे तिने स्वतः पकडलं. मी फक्त दोन कागद शेजारी ठेवले. छोटं यश म्हणजे मला हे अभिप्रेत आहे, सोपी बेरीज देऊन शाबासकी देणं नाही. आणि यातून तिला एक कायमचं हत्यार मिळालं, दोन अपूर्णांक मिळवल्यावर उत्तर त्यातल्या मोठ्यापेक्षा लहान आलं तर काहीतरी चुकलं. चूक दुसऱ्याने दाखवायच्या आधी स्वतःला दिसते, हे कच्च्या मुलासाठी फार मोठं असतं, कारण तोपर्यंत बरोबर की चूक हे नेहमी मॅडमच ठरवत आलेल्या असतात.

मग सारख्या छेदाचं गणित तोंडी झालं. दोन सप्तमांश आणि तीन सप्तमांश, किती सप्तमांश? पाच. छेद का मिळवायचा नाही हे वेगळं समजवावं लागलं नाही. (इथल्या शाळांमध्ये छेदाला हर म्हणतात, मुलाच्या वहीत जो शब्द असेल तोच वापरा, घरचा शब्द लादत बसू नका, आधीच डोक्यावर ओझं असतं.)

एका बैठकीचं टार्गेट, एका पानाचं

१९८१ मध्ये बांडुरा आणि डेल शंक यांनी वजाबाकीत कच्च्या असलेल्या, गणितात मन न लागणाऱ्या लहान मुलांवर एक प्रयोग केला. सगळ्यांना तेच ४२ पानांचं साहित्य, सात बैठका. एका गटाला सांगितलं, रोज सहा पानं करायचा प्रयत्न करा. दुसऱ्याला सांगितलं, शेवटपर्यंत ४२ पानं. तिसऱ्याला टार्गेट असं काही दिलंच नाही. सहा पानंवाल्यांचा स्वतःवरचा विश्वास, वजाबाकी आणि गणिताची आवड, तिन्ही सगळ्यात जास्त वाढलं. ४२ पानंवाल्यांना लांबच्या टार्गेटचा काही खास फायदा झाला नाही. बघा, साहित्य एकच होतं, पण रोजच्या सहा पानांमुळे मुलाला रोज स्वतःला कळत होतं की आज जमलं. "अर्धवार्षिकपर्यंत गणित सुधारायचं" हे ४२ पानांचं टार्गेट आहे, आणि घरी आपण नेमकं तेच देतो.

माझ्याकडे एका बैठकीचं पान म्हणजे सहा गणितं, अर्धा तास. त्यातली चार अशा प्रकारची जिथे तिचा अंदाज ६०-७० आहे आणि उत्तरही बरोबर येतंय, दोन एक पायरी वरची. सहापैकी चार-पाच बरोबर आली तर पान योग्य. सहाच्या सहा पाच मिनिटांत झाली तर पान फार सोपं होतं, आणि ते यश मूल यश म्हणून मोजतच नाही, मनात म्हणतं, मला हेच देतात कारण मला दुसरं येत नाही. तीनपेक्षा कमी आली तर उडी फार मोठी होती, पुढचं पान एक पायरी खाली आणा, आणि ते मुलाला न सांगता आणा. हा माझा हिशोब आहे, अनुभवाचा, तुमच्या मुलाला बघून थोडा इकडे तिकडे करा.

नवी पायरी चढवताना मी शेवटून रिकामं सोडत जाते. म्हणजे २/३ + १/४ पूर्ण सोडवून दाखवलं, तीन ओळी: छेद १२, ८/१२ + ३/१२, उत्तर ११/१२. पुढचं, ३/४ + १/५, त्यात पहिल्या दोन ओळी मी लिहिल्या, छेद २०. १५/२० + ४/२०. उत्तर तिने लिहिलं, १९/२०. पुढचं, २/५ + १/३, त्यात फक्त छेद १५ लिहून दिला, बाकी तिने केलं, ११/१५. चौथं १/२ + २/५, पूर्ण कोरं, आणि तेव्हा मी खुर्ची थोडी मागे घेतली आणि तोंड बंद ठेवलं. ९/१० आलं. याचा फायदा असा की प्रत्येक गणित तिच्याच हाताने संपतं. आपण उलटं करतो, मुलाला सुरू करायला सांगतो आणि अडलं की शेवट आपण करून देतो, त्यामुळे उत्तराची ओळ नेहमी मोठ्यांची राहते.

मध्ये एक अडचण आली. छेद शोधताना ती फार वेळ घ्यायची, आणि बारकाईने बघितलं तर तिला ७ आणि ८ चे पाढे पक्के येत नव्हते. पाढे पाठ करून मग ये असं म्हटलं असतं तर सगळं तिथेच थांबलं असतं. तिला पाढ्यांचा तक्ता शेजारी ठेवायची परवानगी दिली, आणि पाढे वेगळे, रोज पाच मिनिटं. एका वेळी एकच गोष्ट नवी असू द्या.

काय बोलायचं

बोलण्याचा उपयोग नाही असं नाही, पण ते झालेल्या कामाबद्दल हवं. डेल शंकचाच १९८२ चा एक अभ्यास आहे, वजाबाकी करणाऱ्या मुलांना मधून मधून येऊन काहींना म्हटलं, तू छान मेहनत घेतोयस, म्हणजे झालेल्या कामाचा संबंध मेहनतीशी जोडला, आणि काहींना म्हटलं, तुला मेहनत घ्यायला पाहिजे. पहिल्या गटाचा विश्वास आणि गणित दोन्ही जास्त वाढलं. आपल्या घरात दुसरंच वाक्य जास्त ऐकू येतं.

मी त्यात अजून एक गोष्ट पाळते, नक्की कशामुळे आलं ते नाव घेऊन सांगते. "तू आधी १२ लिहून मग वरचे आकडे बदललेस, म्हणून आलं." "हुशार आहेस" म्हणत नाही, कारण उद्या चुकलं की तेच वाक्य उलटतं. आणि सोप्या गणितावर कौतुक अजिबात नको. सातवीतल्या पोरीला २/७ + ३/७ वर टाळ्या वाजवल्या तर तिला बरोबर कळतं की आपल्याकडून लोकांची अपेक्षा किती खाली आहे. तिच्या आईला मी एवढंच सांगितलं, वहिनी, घरी मार्क विचारू नका, एक गणित तिच्याकडून समजावून घ्या. आई खरंच विसरलेली होती म्हणा, त्यामुळे ते समजावणं खोटं झालं नाही.

टॉपर बघून नाही, अडखळणारा बघून

शंक आणि हॅन्सन यांनी १९८५ मध्ये कच्च्या मुलांना व्हिडिओ दाखवले, काहींना बरोबरीचं मूल वजाबाकी शिकतंय असा, काहींना शिक्षक करून दाखवतायत असा. बरोबरीचं मूल बघणाऱ्यांचा विश्वास आणि गणित दोन्ही जास्त सुधारलं. शिक्षकांना येणारच, त्यात काय, पण माझ्याएवढ्याला आलं म्हणजे मलाही येईल, असा त्याचा सरळ अर्थ. तर शेजारच्या ९५ टक्केवाल्याचं उदाहरण देणं बंद करा, त्याने काहीच होत नाही, उलट होतं. मी आठवीतल्या एका मुलाला बसवलं, जो मागच्या वर्षी इथेच अडकलेला होता, आणि त्याला सांगितलं ५/६ + ३/८ मोठ्याने बोलत सोडव. तो म्हणाला, "छेद ४८ घेतो... थांब, मोठा होतोय, ६ आणि ८ दोन्हीच्या पाढ्यात २४ पण येतं, मग २०/२४ आणि ९/२४, २९/२४, म्हणजे १ पूर्णांक ५/२४." ते "थांब" तिने ऐकलं हे महत्त्वाचं. पहिल्या फटक्यात न येणं हा कामाचाच भाग आहे हे मी शंभर वेळा सांगून कळलं नसतं. अशा मुलाला आधी सांगून ठेवा की मनातलं सगळं बोलायचं, चुकलं तरी पुसायचं नाही.

मदत काढून घेतल्यावर टिकतं का

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. शिकवणीत सगळं येतं, शाळेत काही नाही. कारण शिकवणीत पान एकाच प्रकारचं असतं, मी शेजारी असते, आणि चुकतंय असं दिसलं की माझा चेहरा बदलतो, पोरं तो चेहरा वाचतात. म्हणून एक प्रकार जमायला लागला की चार-पाच दिवस त्याला हात लावायचा नाही, मग काही न सांगता मिसळलेलं पान द्यायचं, त्यात एखादी वजाबाकी पण टाकायची, आणि स्वतः दुसऱ्या खोलीत जायचं. त्यातली निम्म्याहून जास्त आली तर यश तिचं आहे, नाही आली तर अजून आपलं आहे, एवढा सरळ अर्थ घ्या आणि परत रिकाम्या ओळींवर या.

मग शाळेची टेस्ट झाली. तिथे तिने ५/६ + ३/८ ला छेद ४८ घेतला, ४०/४८ + १८/४८ = ५८/४८ लिहिलं आणि तसंच सोडलं, अर्धे मार्क गेले. घरी आली ती हेच म्हणत, मला येतच नाही. अशा वेळी "काही नाही गं, पुढच्या वेळी" म्हणू नका. पेपर समोर ठेवून ओळी मोजायला लावा. छेद बरोबर, दोन्ही रूपांतरं बरोबर, बेरीज बरोबर, राहिलं काय तर दोनने भाग देऊन २९/२४ करणं. मग जुना, तारीख घातलेला कागद काढला, जिथे हेच गणित कोरं होतं आणि शेजारी १० लिहिलेलं होतं. परत अंदाज विचारला, म्हणाली ५०. सारख्या छेदाचं १००, संबंध नसलेल्या छेदांचं ८०, पूर्णांकवाल्याचं अजून २०. मला तो २० पण बरा वाटला, कारण ते आम्ही अजून केलेलंच नव्हतं, म्हणजे तिचा अंदाज आता खरा यायला लागला होता.

धडधडीबद्दल थोडक्यात. पेपर हातात आल्यावर डोकं कोरं होणाऱ्या मुलाला घाबरू नकोस सांगून काही होत नाही. त्याला सवय लावा की आधी पूर्ण पेपर वाचायचा आणि ज्याचा अंदाज सगळ्यात वर आहे ते गणित पहिलं करायचं, क्रमांक लिहून. एक पूर्ण झालं की हात चालायला लागतो. हे घरी वेळ लावून एक-दोनदा करून बघितलेलं असावं.

काही मुलांना या पद्धतीने फार फरक पडत नाही. पाचवी-सहावीतलं मूल जर ७ + ५ अजून बोटांवर एकपासून मोजत असेल, ४६ आणि ६४ मध्ये मोठा कुठला यात गडबडत असेल, घड्याळ वाचता येत नसेल, आणि बरेच दिवस नीट सराव करूनही हे बदलत नसेल, तर डिसकॅल्क्युलियाची, म्हणजे आकडे समजण्यातच मुळात येणाऱ्या अडचणीची, तपासणी करून घ्या. तिथे फक्त पायऱ्या लहान करून पुरत नाही, वेगळं शिकवावं लागतं.

आणि अपूर्णांकात आलेला विश्वास बीजगणितात आपोआप जाईल अशी आशा ठेवू नका, थोडा जातो, सगळा नाही. नवा धडा सुरू झाला की नवा कागद, पाच प्रकार, आधी अंदाज मग उत्तर. समीकरणांसाठी माझे प्रकार असतात x + ३ = ८, मग २x = १०, मग २x + ३ = ११, मग दोन्हीकडे x असलेलं, मग शाब्दिक उदाहरण. तिने हा दुसरा कागद स्वतःच आखला, प्रकार तेवढे मी सांगितले. मुलाचे अंदाज आणि उत्तरं सलग दोन-तीन धड्यांत जुळायला लागली की कागद बंद केला तरी चालतो, तोपर्यंत कुठून सुरू करायचं ते त्याचं त्यालाच कळायला लागलेलं असतं.